केबल ड्रममधील धातूचे वजन : गणित आणि त्याची मर्यादा

प्रस्तावना :
विद्युत केबलच्या ड्रमवर वाहकाचे क्षेत्रफळ आणि केबलची लांबी नमूद केलेली असते. या दोन आकड्यांवरून धातूचे वजन काढता येते. मात्र त्या वजनावरून कोणता निष्कर्ष काढता येतो व कोणता काढता येत नाही, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

गणिताची रीत :
क्षेत्रफळ, लांबी आणि घनता यांचा गुणाकार म्हणजे वजन. १ चौ. मिमी क्षेत्रफळाच्या १ मीटर तारेचे घनफळ बरोबर १ घन सेंमी भरते. त्यामुळे अशा तारेचे ग्रॅममधील वजन म्हणजेच धातूची घनता होय : तांब्यासाठी ८.८९, तर ॲल्युमिनियमसाठी २.७०३.

उदाहरणादाखल ९५ चौ. मिमी, साडेतीन कोअर, ५०० मीटर लांबीचा ॲल्युमिनियम केबल घेऊ. येथे ९५ ला साडेतीनने गुणणे चुकीचे ठरते, कारण न्यूट्रलचा वाहक ५० चौ. मिमीचा असतो. एकूण क्षेत्रफळ ३३५ चौ. मिमी होते. ३३५ × ५०० × २.७०३ ÷ १००० = सुमारे ४५३ किलो. हाच केबल तांब्याचा असल्यास धातूचे वजन सुमारे १४८९ किलो येते.

मर्यादा :
पहिली मर्यादा उचलण्यासंबंधीची. या वजनात विद्युतरोधक आवरण, पोलादी कवच व लाकडी ड्रम यांचा समावेश नाही. म्हणून क्रेनची निवड ड्रमवर नमूद केलेल्या एकूण वजनावरूनच करावी. केवळ ४५३ किलो गृहीत धरणे धोक्याचे आहे.

दुसरी मर्यादा अधिक सूक्ष्म आहे. ‘९५ चौ. मिमी’ हे नाममात्र क्षेत्रफळ होय. मानकाचे बंधन प्रत्यक्ष क्षेत्रफळावर नसून रोधावर आहे. २० अंश सेल्सिअसला या ॲल्युमिनियम वाहकाचा रोध किलोमीटरला ०.३२० ओहमपेक्षा अधिक नसावा. ॲल्युमिनियमची प्रमाण रोधकता २८.२६४ धरल्यास (ओहम × चौ. मिमी प्रति किमी) त्यासाठी सुमारे ८८.३ चौ. मिमी पुरतात. ५० चौ. मिमीच्या न्यूट्रलची रोधमर्यादा ०.६४१ ओहम असल्याने तेथे सुमारे ४४.१ चौ. मिमी पुरतात. या हिशेबाने धातू सुमारे ४१८ किलो भरतो. म्हणजेच आठ टक्क्यांच्या आसपास तूट दिसली, तरी केबल मानकाप्रमाणे असू शकतो. केवळ वजनावरून पुरवठादारास दोषी ठरविणे न्याय्य नाही.

पडताळणी :
शंका आल्यास ड्रमवरील केबलच्या दोन्ही टोकांमध्ये केल्विन द्विसेतूने रोध मोजावा. ९५ चौ. मिमीच्या ५०० मीटर वाहकासाठी २० अंशांना मर्यादा ०.१६० ओहम आहे. तापमान ३० अंश असल्यास तीच मर्यादा सुमारे ०.१६६ होते. हे रूपांतर न केल्यास निर्दोष केबलही नापास ठरेल.

निष्कर्ष :
गणिताने आलेले वजन हा अंदाज आहे, तर वाहकाची कसोटी रोध ही आहे.