कमल की कमळ?

ब्रेल ही बोटांनी वाचायची लिपी. तिचा फोटो समोर आला की टिंबांचा उठाव जातो आणि उरतात नुसत्या सावल्या. म्हणून उतारा करायला बसण्याआधी फोटोत उजेड कुठून आलाय ते पाहावं. तो डावीकडून असेल, तर उठलेल्या टिंबाची डावी कड उजळ आणि उजवी काळपट दिसते. सगळीकडे नेमकं याच्या उलट दिसत असेल, तर फोटो बहुधा कार्डाच्या मागच्या बाजूचा आहे आणि अक्षरं आरशातल्यासारखी उलटी पडली आहेत.

प्रत्येक चौकटीत सहा टिंबांच्या जागा असतात. डाव्या रांगेत वरून खाली १, २, ३ आणि उजवीत ४, ५, ६. मराठीसाठी वापरल्या जाणाऱ्या भारती ब्रेलमध्ये ‘क’ म्हणजे १-३, ‘म’ म्हणजे १-३-४. ‘ल’ आहे १-२-३ आणि ‘ळ’ ४-५-६. शेवटच्या दोघांचं रूप सारखंच, तीन टिंबांची उभी रेघ. फरक इतकाच की एक डावीकडे उभी, दुसरी उजवीकडे.

समजा, कार्डावर क, म आणि त्यानंतर अशी एक रेघ आहे. ते कुणाचं नाव आहे, कमल, की फूल आहे, कमळ? इथे अंतरच मदतीला येतं. चौकटीतल्या दोन रांगांमध्ये साधारण २.५ मिलिमीटर असतात आणि प्रत्येक चौकट मागचीपासून सुमारे ६ मिलिमीटरवर सुरू होते. फोटोवर पट्टी लावून मिलिमीटर मिळत नाहीत, पण प्रमाण मिळतं. ‘म’च्या १ आणि ४ या टिंबांमधलं अंतर हे माप धरावं. ४ पासून पुढची रेघ त्याच्या दीडपटीच्या आतबाहेर असेल तर ‘ल’, अडीचपटीच्या जवळ असेल तर ‘ळ’. कॅमेरा तिरका असेल तर लांबची कड आक्रसते. तेव्हा माप शेजारच्याच चौकटीचं घ्यावं आणि वरखालच्या ओळींतल्या चौकटींशी ताडून पाहावं.

पुसट टिंबांचं दुखणं निराळं. ‘प’ म्हणजे १-२-३-४. त्यातलं ४ झिजलं की ‘ल’ उरतो, १ गेलं की ‘स’. म्हणजे ‘पाल’पासून ‘लाल’ आणि ‘साल’ एकेका टिंबाच्या अंतरावर, आणि तिन्ही शब्द खरे. शिवाय हाताने टोचून लिहिणारा चुकलेलं टिंब नखाने दाबून बसवतो. ते झिजलेल्या टिंबासारखंच दिसतं, पण ते वाचायचं नसतं. फोटोवरून या दोहोंत नेहमीच निवाडा करता येत नाही. डाग मात्र ओळखू येतो, त्याला उजळ कड नसते.

अशा जागी वाक्याच्या अर्थावरून अक्षर भरून टाकायचा मोह होतो. माझ्या मते तो आवरलेलाच बरा. उताऱ्यात आधी दिसलेली टिंबं लिहावीत आणि शंका त्यांच्या शेजारी: ‘१-२-३, ४ पुसट, ल किंवा प’. अर्थावरून केलेला तर्क समासात वेगळा टिपावा, म्हणजे मूळ कार्ड बोटाखाली असलेल्या माणसाला नेमकी कुठली चौकट चाचपायची ते कळतं.