एकच अभ्यास किती वेळा मोजायचा?

नोव्हेंबर २०१७ मध्ये ‘बीएमजे’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात कॉफीवरचा एक मोठा लेख आला. साउदॅम्प्टन विद्यापीठातले रॉबिन पूल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो लिहिला होता. रोज तीन-चार कप कॉफी पिणाऱ्यांत, अजिबात न पिणाऱ्यांच्या तुलनेत, कोणत्याही कारणाने मृत्यू येण्याचं प्रमाण सुमारे १७ टक्क्यांनी कमी दिसतं, असं त्यात म्हटलं होतं. हे कॉफीमुळेच होतं असा दावा लेखकांनी केला नव्हता. बहुतेक पुरावा माणसांच्या सवयींचं नुसतं निरीक्षण करून मिळालेला होता. या लेखाने निरीक्षणात्मक संशोधनाची २०१ मेटा-ॲनालिसिस एकत्र पाहिली होती. आकडा ऐकूनच विश्वास बसावा असा आहे. पण या २०१ आढाव्यांच्या मुळाशी वेगवेगळे असे अभ्यास किती, हे त्या आकड्यावरून कळत नाही.

अशा लेखाला अंब्रेला रिव्ह्यू म्हणतात. तळाशी असतात मूळ अभ्यास, म्हणजे प्रत्यक्ष माणसांची पाहणी किंवा चाचणी. एखाद्या प्रश्नावरचे असे सगळे अभ्यास ठरवून शोधायचे, पारखायचे आणि त्यांचा निष्कर्ष काढायचा, हा सिस्टिमॅटिक रिव्ह्यू. त्यात आकडे गणिताने एकत्र केले तर ते मेटा-ॲनालिसिस. आणि असे अनेक रिव्ह्यू एकत्र वाचणारा तो अंब्रेला रिव्ह्यू. या तिसऱ्या मजल्यावर उभ्या असलेल्या संशोधकाला तळमजला थेट दिसत नाही, आणि घोटाळा तिथेच होतो.

एकाच प्रश्नावर अनेक रिव्ह्यू निघणं ही अगदी नेहमीची गोष्ट आहे. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या मेटा-ॲनालिसिसमधून ७३ निवडून तपासली गेली, तेव्हा त्यांतल्या ४९ विषयांवर निदान आणखी एक मेटा-ॲनालिसिस सापडलं. हे वेगवेगळे गट शेवटी तेच मूळ अभ्यास शोधून काढतात. मग चार रिव्ह्यूंचं एकमत झालं, तर तो चार स्वतंत्र साक्षीदारांचा जबाब असेल, किंवा एकाच साक्षीदाराचं बोलणं चौघांनी येऊन सांगितलं असेल. दोन्हींचं वजन सारखं धरता येत नाही.

नुकसान किती होतं ते आकड्यांत पाहू. समजा एका मेटा-ॲनालिसिसमध्ये सापेक्ष धोका ०.९० आला, म्हणजे धोका दहा टक्के कमी. त्याची विश्वासमर्यादा ०.८० ते १.०१ आहे. या मर्यादेत १ येतो, म्हणून फरक खरा आहे असं ठामपणे म्हणता येत नाही. आता नेमके तेच अभ्यास घेतलेलं दुसरं मेटा-ॲनालिसिस कुणी आणलं आणि दोन्ही स्वतंत्र समजून एकत्र केली. धोका ०.९० च राहतो, पण मर्यादा आकसून ०.८३ ते ०.९८ होते. एकाही नव्या माणसाची तपासणी झालेली नाही, तरी ‘अनिश्चित’चं ‘सिद्ध’ झालं. रिव्ह्यूंचे एकत्रित आकडे पुन्हा एकत्र करू नयेत, असं या क्षेत्रातले जाणकार बजावतात ते यासाठीच.

ही पुनरावृत्ती मोजण्याची एक सोपी रीत डाविड पीपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये मांडली. एक तक्ता आखायचा. प्रत्येक मूळ अभ्यासाला एक ओळ, प्रत्येक रिव्ह्यूला एक स्तंभ, आणि तो अभ्यास त्या रिव्ह्यूत असेल तर चौकटीत खूण. मग हे सूत्र:

```
CCA = (N - r) / (r*c - r)
```

यात N म्हणजे एकूण खुणा, r म्हणजे वेगळे मूळ अभ्यास, c म्हणजे रिव्ह्यू. प्रत्येक अभ्यासाची पहिली खूण वजा केली की उरतात त्या पुनरावृत्तीच्या खुणा. जास्तीत जास्त किती होऊ शकल्या असत्या, त्याच्याशी त्यांचं प्रमाण काढायचं. ५ टक्क्यांपर्यंत पुनरावृत्ती किरकोळ, १० पर्यंत मध्यम, १५ पर्यंत जास्त आणि त्यापुढे फार जास्त, असं ढोबळमानाने धरतात.

एक काल्पनिक तक्ता करून पाहू. चार रिव्ह्यू, त्यांत अनुक्रमे १०, १२, ८ आणि ६ अभ्यास. खुणा ३६. पण नावं जुळवून पाहिली तर वेगळे अभ्यास २४ च निघाले. म्हणजे पुनरावृत्तीच्या खुणा १२, आणि शक्य होत्या ९६ वजा २४, म्हणजे ७२. उत्तर सुमारे १७ टक्के, ‘फार जास्त’च्या उंबरठ्यावर.

इथे थांबलं तर मात्र खरी गोष्ट हातातून निसटते. त्या बारा खुणांपैकी नऊ एकट्या पहिल्या दोन रिव्ह्यूंमधल्या आहेत. त्या दोघांपुरतं गणित केलं तर १३ वेगळ्या अभ्यासांपैकी ९ सामाईक, म्हणजे ६९ टक्के. ते दोन रिव्ह्यू म्हणजे जवळजवळ एकच रिव्ह्यू. उरलेले दोन बऱ्यापैकी स्वतंत्र आहेत. एकूण सरासरीत हे दोन्ही दडून जातं, म्हणून जोडीजोडीने आकडा काढावाच लागतो. शिवाय, चौथा रिव्ह्यू जुना असेल आणि २४ पैकी १२ अभ्यास त्याच्यानंतर प्रसिद्ध झाले असतील, तर त्या १२ चौकटी भरणं त्याला शक्यच नव्हतं. त्या छेदातून काढल्या की ७२ चे ६० होतात आणि पुनरावृत्ती २० टक्क्यांवर जाते.

आणखी एक फट माझ्या मते सगळ्यांत धोक्याची आहे, कारण ती तक्त्यात दिसतच नाही. अमेरिकेत १९७६ मध्ये ‘नर्सेस हेल्थ स्टडी’ सुरू झाला. सुमारे १,२१,७०० परिचारिकांची माहिती तेव्हापासून वर्षानुवर्षं गोळा केली गेली. कॉफी आणि मृत्यू या विषयावर या अभ्यासाच्या आधारे २००८ मध्ये ‘ॲनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन’मध्ये एक लेख आला आणि २०१५ मध्ये ‘सर्क्युलेशन’मध्ये दुसरा. शीर्षकं वेगळी, वर्षं वेगळी, नियतकालिकं वेगळी. नुसत्या लेखांची यादी केली तर या दोन ओळी होतात. एका रिव्ह्यूत पहिला लेख आणि दुसऱ्यात दुसरा असेल तर सूत्र म्हणेल, पुनरावृत्ती शून्य. प्रत्यक्षात मोठ्या प्रमाणावर त्याच स्त्रिया दोन्हीकडे आहेत. म्हणून ओळ लेखाची नसावी, माणसांच्या गटाची असावी. त्यासाठी प्रत्येक लेखातला अभ्यासाचा कालावधी, ठिकाण आणि सहभागींची संख्या उघडून पाहावी लागते. हे काम कंटाळवाणं आहे, पण ते टाळलं तर पुढच्या टक्केवारीला अर्थ उरत नाही.

पुनरावृत्ती कळल्यावर काय करायचं? पूल यांच्या लेखात एका प्रश्नासाठी एकच मेटा-ॲनालिसिस निवडलं होतं, साधारणपणे सर्वांत अलीकडचं आणि अधिक अभ्यास असलेलं. यात दुहेरी मोजणी टळते. किंमत अशी, की बाजूला ठेवलेल्या रिव्ह्यूत असलेले काही अभ्यास हातातून जातात, आणि अलीकडचा रिव्ह्यू नेहमी काळजीपूर्वक केलेला असतोच असं नाही. दुसरे संशोधक सगळे रिव्ह्यू ठेवतात, तक्ता परिशिष्टात छापतात आणि आकडे एकत्र न करता शब्दांत वर्णन करतात. मात्र ‘पाचपैकी चार रिव्ह्यूंत फायदा दिसला’ अशी मोजणी त्यांनाही करता येत नाही, कारण त्या चारांच्या मुळाशी तेच अभ्यास असू शकतात. तिसरा मार्ग म्हणजे सगळ्या रिव्ह्यूंमधले मूळ अभ्यास वेगळे काढून, प्रत्येक गट एकदाच धरून, नव्याने मेटा-ॲनालिसिस करणं. उत्तर यातून सर्वांत स्वच्छ मिळतं. पण मग ज्या श्रमांतून सुटण्यासाठी अंब्रेला रिव्ह्यू हाती घेतला होता, ते बहुतेक सगळे पुन्हा करावे लागतात.