ईओडी म्हणजे नेमके किती वाजता?

नव्या सहकाऱ्यासाठी टीम लीड जे स्वागतपत्र लिहितो, त्यात सर्वांत आधी समजावावे असे लघुरूप म्हणजे ईओडी, अर्थात ‘एंड ऑफ डे’: आजचे काम संपण्याच्या आत. पण दिवस कोणाचा, हे ती तीन अक्षरे सांगत नाहीत.

समजा, न्यूयॉर्कच्या ग्राहकाने पुण्याच्या टीमला सोमवारी ‘ईओडीपर्यंत अहवाल द्या’ असे कळवले. त्याच्याकडे संध्याकाळचे ५ वाजतात तेव्हा पुण्यात मंगळवारची पहाट असते: उन्हाळ्यात २.३०, हिवाळ्यात ३.३०, कारण अमेरिकेत घड्याळे मार्चमध्ये तासभर पुढे आणि नोव्हेंबरमध्ये मागे करतात. सोमवारी रात्री अहवाल पाठवला तर तो वेळेत पोचतो. मंगळवारी सकाळी १० वाजता पाठवला तर उशीर झालेला असतो, आणि तिकडे तेव्हा रात्र असल्याने ते लगेच कळतही नाही. तक्रार येते संध्याकाळी.

म्हणून पत्रात नियम स्पष्ट लिहावा: ईओडी दिसले की उत्तरातच वेळ पक्की करावी, ‘सोमवारी रात्री ८, भारतीय वेळेनुसार, चालेल का?’ सीओबी, म्हणजे ‘क्लोज ऑफ बिझनेस’, यालाही हेच लागू. डब्ल्यूएफएच म्हणजे घरून काम आणि ओओओ म्हणजे रजेवर किंवा बाहेर, ही लघुरूपे मात्र एकदा सांगितली की पुरतात.