२३ टक्के, ३४ टक्के की १.३ टक्के? वाढीच्या तीन उत्तरांमागचे गणित

देशांतर्गत विमानप्रवाशांची संख्या २०२३ मध्ये किती वाढली, या प्रश्नाला २३ टक्के, ३४ टक्के आणि १.३ टक्के अशी तीन उत्तरे देता येतात. तिन्ही गणिताने अचूक आहेत. फरक आहे तो तुलना कोणत्या वर्षाशी केली याचा.

नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या आकडेवारीनुसार २०१९ मध्ये सुमारे १४.४२ कोटी प्रवाशांनी देशांतर्गत विमानप्रवास केला. टाळेबंदीमुळे २०२० मध्ये ही संख्या ६.३० कोटींवर घसरली. पुढे ती ८.३८ कोटी, १२.३२ कोटी आणि २०२३ मध्ये १५.२० कोटी झाली.

१२.३२ कोटींवरून १५.२० कोटी ही सुमारे २३ टक्क्यांची वाढ म्हणजे वार्षिक वाढ. तिची तुलना केवळ आदल्या वर्षाशी असते. यंदा किती वैमानिक लागतील, सणासुदीला किती फेऱ्या वाढवाव्यात, अशा नजीकच्या निर्णयांसाठी ती उपयुक्त ठरते. महिन्यांची तुलना करताना मात्र सणांच्या तारखा पाहाव्या लागतात. दिवाळी २०२२ मध्ये ऑक्टोबरात, तर २०२३ मध्ये नोव्हेंबरात होती. त्यामुळे केवळ नोव्हेंबरची तुलना फसवी ठरू शकते.

नवी विमाने घ्यावीत का, टर्मिनल वाढवावे का, हे प्रश्न अनेक वर्षांचे असतात. तेथे चक्रवाढ वार्षिक वाढदर, म्हणजेच सीएजीआर, पाहिला जातो. अखेरच्या संख्येला सुरुवातीच्या संख्येने भागायचे आणि जितकी वर्षे उलटली तितके मूळ काढायचे. १५.२० भागिले १४.४२ म्हणजे १.०५४. २०१९ ते २०२३ ही मोजायला पाच वर्षे असली, तरी मधली अंतरे चारच आहेत. म्हणून चौथे मूळ काढले की १.०१३ येते, म्हणजेच दर वर्षी सुमारे १.३ टक्के.

चारही वर्षांच्या वार्षिक दरांची साधी सरासरी काढली, तर ती जवळपास १२ टक्के भरते. कारण ५६ टक्क्यांची घसरण भरून काढायला ५६ टक्के वाढ पुरत नाही. त्यासाठी सुमारे १२९ टक्के वाढ लागते. साध्या सरासरीत हा फरक हरवतो.

सीएजीआरही निर्दोष नाही. तो केवळ दोन टोके पाहतो. आधारवर्ष २०१९ ऐवजी २०२० धरले, की हाच दर ३४ टक्क्यांवर जातो आणि मूळ पातळी पुन्हा गाठण्यालाच वेगवान विस्ताराचे रूप येते. शिवाय २०२० मधील घसरण १.३ टक्क्यांच्या आकड्यात दिसत नाही. कर्जाचे हप्ते मात्र त्या वर्षीही भरावेच लागले असते.

म्हणून कंपनीच्या सादरीकरणात सीएजीआर दिसल्यास आधी आधारवर्ष पाहावे. ते असामान्य पडझडीचे असेल, तर त्याच्या आदल्या वर्षापासून दर पुन्हा काढावा आणि सोबत प्रत्येक वर्षाची वाढही तपासावी.