मोरचुदाच्या विद्युद्विश्लेषणातील वस्तुमानाची तफावत

मोरचुदाच्या द्रावणात तांब्याचे दोन पत्रे टांगून विद्युत्प्रवाह सोडला असता धनाग्रावरून जितके तांबे विरघळते तितकेच ऋणाग्रावर बसावे, अशी फॅरडेच्या नियमानुसार अपेक्षा असते. प्रत्यक्ष तोलून पाहिले असता मात्र ऋणाग्राची वाढ हिशेबापेक्षा थोडी कमी आणि धनाग्राची घट थोडी अधिक आढळते.

आम्ही गंधकाम्लमिश्रित द्रावणात प्रत्येकी ५० चौ. सें.मी. पृष्ठभागाचे पत्रे घेऊन ०.५०० ॲम्पिअर प्रवाह एक तास चालविला. १८०० कूलंब भारास ०.५९२८ ग्रॅम तांबे अपेक्षित होते. ऋणाग्राची वाढ ०.५८९६ ग्रॅम व धनाग्राची घट ०.६००९ ग्रॅम भरली. प्रथम संशय साहजिकच प्रवाहमापकावर जातो, आणि साध्या मापकातील एक टक्क्याची चूक ऋणाग्राची सर्व तफावत गिळून टाकू शकते, म्हणून प्रवाह प्रमाणित रोध व पोटेन्शिओमीटर यांच्या साहाय्याने मोजला होता. शिवाय मापकाची चूक दोन्ही अग्रांना एकाच दिशेने लागू पडली असती. येथे दिशा परस्परविरुद्ध आहेत.

ऋणाग्राची तूट ३.२ मिलिग्रॅम. तिचे कारण द्रावणात विरघळलेला ऑक्सिजन होय. प्रवाहाचा अल्पसा अंश ताम्र आयनांऐवजी या ऑक्सिजनच्या क्षपणात खर्ची पडतो; प्रवाह नसला तर तोच ऑक्सिजन आम्लाच्या साहाय्याने तांबे झिजवितो. तसाच एक पत्रा प्रवाहाविना त्याच द्रावणात तासभर टांगला, तेव्हा त्याचे वस्तुमान २.८ मिलिग्रॅमने घटले. हे कारण खरे असेल तर तूट भारावर नव्हे, काळावर अवलंबून असली पाहिजे. म्हणून ०.२५० ॲम्पिअर प्रवाह दोन तास चालविला. भार तोच राहिला, तूट मात्र ६.१ मिलिग्रॅम झाली.

धनाग्राची ८.१ मिलिग्रॅम अधिक घट एवढ्याने उलगडत नाही. तेथे काही तांबे एकसंयुजी, म्हणजे क्यूप्रस आयनाच्या रूपाने सुटते आणि तितक्याच भारास दुप्पट धातू विरघळतो. हे आयन पुढे द्विसंयुजी आयन व धातुरूप तांबे यांत विभागतात. पात्राच्या तळाशी जमणारा तांबूस भुगा (विद्यार्थी त्यास बहुधा पत्र्याचा मळ समजतात) हाच. गाळून, धुऊन, वाळवून तो ४.६ मिलिग्रॅम भरला. त्यात झिजेचे २.८ मिळविल्यास ७.४ होतात, उरलेले ०.७ मिलिग्रॅम गाळताना हरवले असावेत. या कारणास्तव भारमापनासाठी धनाग्राचे वजन विश्वसनीय मानीत नाहीत.

द्रावणात थोडे मद्यार्क घालून व नायट्रोजन सोडून ऑक्सिजन घालविला, तेव्हा ऋणाग्राची वाढ ०.५९२५ ग्रॅम आली. पत्रा मात्र मद्यार्काने धुऊन कोमट हवेतच वाळवावा. अधिक तापविल्यास त्यावर ऑक्साइड चढते, वजन वाढते आणि खरी तूट झाकली जाते.