उन्हातला ड्रोन आणि काळी काच

भर दुपारी चित्रित केलेल्या ड्रोन व्हिडिओंमध्ये एक दोष वारंवार दिसतो. ड्रोन माडांच्या रांगेला समांतर उडत असतो, झावळीची पातीन् पाती स्पष्ट दिसते, पण माड सरकत जात नाहीत, ठेचकाळत जातात. वारा नसतो, उडवणाऱ्याचा हातही बसलेला असतो, तरी चित्र डोळ्यांना टोचतं. मग कॅमेऱ्याला दोष दिला जातो. खरं तर घोटाळा शटरचा असतो.

डीजेआय मिनी २ सारख्या लहान ड्रोनच्या लेन्सचं छिद्र एफ/२.८ वर कायमचं ठरलेलं आहे. मोठ्या कॅमेऱ्यात ऊन वाढलं की छिद्र लहान करता येतं. इथे ती सोयच नाही. आयएसओ १०० च्या खाली जात नाही. म्हणजे प्रकाश आवरायला हातात उरतं फक्त शटर. फोटोग्राफरांचा जुना आडाखा असा आहे की लख्ख उन्हात एफ/१६ आणि आयएसओ १०० ठेवलं, तर शटर साधारण १/१०० सेकंद लागतं. एफ/१६ पासून एफ/२.८ पर्यंत पाच पायऱ्या होतात आणि दर पायरीला प्रकाश दुप्पट होतो. तेव्हा शटर १/३२०० पर्यंत खाली आणावं लागतं. ऑटोवर ठेवलेला ड्रोन मुकाट्याने तेच करतो.

फोटोसाठी हे उत्तमच. व्हिडिओत काय होतं ते गुहागरच्या किनाऱ्याचं उदाहरण घेऊन पाहू. (तिथे उडवायला मुभा आहे की नाही, हे नकाशावर आधी पाहिलं आहे असं धरू.) ड्रोन सुरूच्या झाडांपासून दहा मीटरवर, सेकंदाला आठ मीटर वेगाने बाजूला सरकतो आहे. सेकंदाला २५ चौकटी टिपल्या जात आहेत. एका चौकटीपासून पुढच्या चौकटीपर्यंत ड्रोन ३२ सेंटिमीटर पुढे जातो. शटर १/३२०० असेल, तर त्यातला जेमतेम अडीच मिलिमीटरचा प्रवास कॅमेरा पाहतो. बाकीचा वेळ त्याचे डोळे मिटलेले असतात. या ड्रोनच्या फोरके चित्रात दहा मीटरवरचा सुमारे पंधरा मीटरचा पट्टा ३,८४० बिंदूंमध्ये मावतो. त्या हिशेबाने प्रत्येक खोड एका चौकटीतून पुढच्या चौकटीत ८० बिंदू उडी मारतं, आणि दोन्हीकडे ते अगदी रेखीव असतं. डोळ्याला उडी दिसते, सरकणं दिसत नाही.

आता शटर १/५० करू. निम्मा प्रवास, म्हणजे १६ सेंटिमीटर, चौकटीत उमटतो. खोडाला ४० बिंदूंची अस्पष्ट कड येते आणि ती मधली पोकळी बरीचशी भरून काढते. चौकटीच्या निम्म्या वेळाइतकं शटर उघडं ठेवण्याची ही रीत फिल्मच्या कॅमेऱ्यातून आली. त्यात फिरणाऱ्या चकतीचा अर्धा भाग, १८० अंश, उघडा असे. २४ चौकटींना त्यातून १/४८ सेकंद मिळे. पडद्यावरची हालचाल आपण पिढ्यान्‌पिढ्या तशीच पाहत आलो आहोत. १९९८ च्या ‘सेव्हिंग प्रायव्हेट रायन’मध्ये छायालेखक यानुश कामिन्स्की यांनी लढाईच्या दृश्यांत हा कोन मुद्दाम कमी केला होता, तो अंगावर येणारा तुटकपणा हवा होता म्हणून. लग्नाच्या वरातीला तो नको असतो.

पण उन्हात नुसतं १/५० लावलं, तर चित्र पांढरं फटक पडेल. त्यासाठी न्यूट्रल डेन्सिटी, म्हणजे एनडी फिल्टर: लेन्सवर बसवायची करडी काच. ती प्रकाश कमी करते आणि रंगाला, निदान तत्त्वतः, हात लावत नाही. एनडी ८ आठव्या हिश्शाएवढा प्रकाश आत सोडते, एनडी ६४ चौसष्टाव्या हिश्शाएवढा.

कोणती काच घ्यायची, याचे तक्ते पाठ करायची गरज नाही. फिल्टर न लावता ड्रोन थोडा वर न्या, आयएसओ १०० ठेवा आणि चित्र नीट उजळेल असं शटर लावा. लाटांचा फेस आणि कोरडी वाळू पांढरी होऊन त्यांचा पोत जात नाही ना, ते पाहा. समजा १/३२०० आलं. ३२०० ला ५० ने भागलं की ६४. एनडी ६४ लावा. ढग आले आणि १/८०० वर भागलं, तर एनडी १६ पुरे. मिनी ३ प्रोचं छिद्र एफ/१.७ इतकं मोठं आहे. तिथे त्याच उन्हात भागाकार १७० च्या पुढे जातो आणि एनडी १२८ लागते.

भागाकार दोन काचांच्या मध्ये आला, तर मी फिकी काच घेतो. शटर १/५० ऐवजी १/८० झालं, तर कोणाला कळतही नाही. गडद काच मात्र ऊन उतरू लागलं की अडचणीत आणते. शटर ऑटोवर असेल, तर ड्रोन आयएसओ चढवतो आणि सावल्यांमध्ये दाणे दिसू लागतात. ते टाळायला आयएसओ, शटर आणि व्हाइट बॅलन्स, तिन्ही हाताने पक्की करावीत. सूर्य कलला की खाली उतरवून काच बदलावी.

मात्र १/५० हा काही धर्म नव्हे. तोच ड्रोन त्याच वेगाने, पण झाडांपासून शंभर मीटरवर असेल, तर दर चौकटीला झाडं आठच बिंदू सरकतात. तिथे १/५० आणि १/२०० मधला फरक फारसा जाणवत नाही. उंचावरून हळू पुढे जाणाऱ्या शॉटसाठी काच लावण्याचा हट्ट मला अनाठायी वाटतो. अपवाद आहे जागेवर वळण्याचा. सेकंदाला २० अंश वळलं, की जवळचं असो वा क्षितिजावरचं, सगळं दर चौकटीला जवळपास ४० बिंदू सरकतं. उंची वाढवून इथे सुटका नाही. काचेनेही ते पुरतं सावरत नाही; वळणच सेकंदाला पाच-सहा अंशांवर आणावं.

सूर्याकडे तोंड करून उडताना चित्रात आडवे गडद पट्टे थरथरले, तर ती पंख्यांची लेन्सवर पडणारी सावली असते. ड्रोन सूर्याकडे पाठ करून वळवा. पट्टे गेले तर निदान बरोबर. लांब शटरमध्ये ही सावली पसरून विरते, त्यामुळे अशा वेळी काच खरंच उपयोगी पडते.

काच लावल्यावर चित्र एकूणच मऊ झालं, तर ड्रोन स्थिर ठेवून दगडी भिंतीसारखं न हलणारं काही काचेसह आणि काचेविना चित्रित करून पाहा. दोन्ही सारखी रेखीव असतील, तर काच निर्दोष. मऊपणा वेगाचा किंवा वाऱ्याच्या झटक्यांचा आहे. काचेसहचंच मऊ असेल, तर आधी बोटाचा ठसा पुसा. स्वस्त काचांचा खोट वेगळा असतो: सगळं तपकिरी किंवा जांभळट दिसतं. त्याच चाचणीत पांढरा कागद ठेवला, की तेही कळतं. काच नेहमी ड्रोन बंद असताना बसवावी आणि त्याच मॉडेलसाठी बनवलेली घ्यावी. जड काचेने गिम्बलचा तोल बिघडतो.

आणि व्हिडिओतूनच छापण्यासाठी फोटो काढून घेऊ, असा विचार असेल, तर तो सोडावा. १/५० ची चौकट थांबवली, की हलणारी प्रत्येक वस्तू पुसट दिसते. गावठाणाच्या मोजणीसाठी उडणाऱ्या ड्रोनना म्हणूनच वेगवान शटर लागतं. भिंतीची कड तिथे नेमकी हवी असते. फोटो हवा असेल, तर काच काढून वेगळी फेरी मारावी.