चित्रात नऊ, हिशोबात दोन

बारावीच्या रसायनशास्त्रात घन अवस्थेच्या धड्यात एक चित्र असतं: आठ कोपऱ्यांवर आठ गोळे आणि मधोमध एक. लोखंडाच्या स्फटिकातला हा सर्वांत छोटा, पुन्हा पुन्हा येणारा ठोकळा, म्हणजेच त्याचा युनिट सेल. अणू किती, असं विचारलं की बरेच जण गोळे मोजून ‘नऊ’ म्हणतात. बरोबर उत्तर मात्र दोन आहे.

चित्रात ठोकळा एकटा दिसतो. प्रत्यक्षात त्याच्या सहाही बाजूंना तसेच ठोकळे खेटून असतात. चाळीतल्या दोन खोल्यांमधली भिंत दोघांच्या निम्मी निम्मी मालकीची असते, तसाच हा हिशोब आहे. कोपऱ्यावरचा अणू एकदम आठ ठोकळ्यांत वाटला जातो, म्हणून एकाच्या वाट्याला त्याचा आठवा भाग येतो. पृष्ठभागाच्या मध्यावरचा अणू दोघांत निम्मा निम्मा, आणि अगदी आतला अणू मात्र पूर्ण आपला.

आता तिन्ही चित्रं मोजू. साध्या घनात फक्त आठ कोपरे आहेत, म्हणजे आठ अष्टमांश मिळून एक अणू. बॉडी सेंटर्ड रचनेत त्या एकात आतला पूर्ण अणू मिळवला की दोन. फेस सेंटर्ड रचनेच्या चित्रात चौदा गोळे दिसतात. त्यांतले कोपऱ्यांचे मिळून एक आणि सहा पृष्ठभागांवरच्या अर्ध्यांचे तीन, असे चार.

ही वाटणी खरी कशावरून? घनतेवरून ती तपासता येते. क्ष-किरणांनी मोजलेली लोखंडाच्या युनिट सेलची कड २८६.६ पिकोमीटर भरते; एक पिकोमीटर म्हणजे मिलिमीटरचा अब्जावा भाग. एवढ्याशा घनात लोखंडाचे दोन अणू धरले, तर घनता घन सेंटिमीटरला सुमारे ७.८८ ग्रॅम येते. प्रयोगशाळेत मोजलेली घनता आहे ७.८७. नऊ अणू धरले तर हाच आकडा ३५ च्या वर जातो. सर्वांत घन धातू म्हणून ओळखला जाणारा ऑस्मियमसुद्धा २२.६ च्या आसपास थांबतो. म्हणजे नऊ हे उत्तर चुकलं हे तिथेच कळतं.

पुढचा प्रश्न: ठोकळ्यातली किती जागा अणूंनी खरोखर भरलेली असते? त्यासाठी अणू एकमेकांना कुठे टेकतात हे हेरावं लागतं, आणि इथे चित्र पुन्हा चकवतं. समजायला सोपं जावं म्हणून गोळे लहान काढून ते काड्यांनी जोडलेले असतात. कोपऱ्यांमध्येही काडी दिसते, म्हणून तेही टेकत असतील असं वाटतं. साध्या घनात ते खरंच कडेवर टेकतात. लोखंडात मात्र अणू टेकतात ते ठोकळ्याच्या आरपार जाणाऱ्या कर्णावर: कोपरा, मधला आणि समोरचा कोपरा. हा कर्ण ४९६.४ पिकोमीटरचा, त्यात अणूच्या चार त्रिज्या बसतात, म्हणून अणूचा व्यास २४८.२. कड २८६.६ असल्याने शेजारच्या दोन कोपऱ्यांतल्या अणूंमध्ये सुमारे ३८ पिकोमीटरची फट राहते. अशा दोन गोळ्यांचं आकारमान ठोकळ्याच्या आकारमानाशी ताडून पाहिलं की उत्तर येतं ६८ टक्के.

साध्या घनात हे प्रमाण ५२.४ टक्केच आहे, जवळजवळ निम्मी जागा रिकामी. नेहमीच्या दाबाला ही रचना असलेलं मूलद्रव्य एकच, पोलोनियम. तांबं, ॲल्युमिनियम, सोनं हे फेस सेंटर्ड. त्यांचे अणू पृष्ठभागाच्या कर्णावर टेकतात आणि ७४ टक्के जागा भरतात. सारख्या आकाराचे गोळे याहून दाट रचता येत नाहीत, असा अंदाज केप्लरने १६११ मध्ये मांडला होता. त्याची सिद्धता थॉमस हेल्स यांनी १९९८ मध्ये जाहीर केली.

लोखंड या दोन्ही रचनांत राहतं. ९१२ अंश सेल्सिअसला ते बॉडी सेंटर्ड सोडून फेस सेंटर्ड होतं. ताणून बांधलेली लोखंडी तार विजेने तापवली तर ती आधी लांब होत खाली झोळते. मग या तापमानाला, अजून तापत असतानाच, आखडते. मीटरभर तारेत हे आखडणं सुमारे तीन मिलिमीटरचं, आकारमानात जेमतेम एक टक्का.

पण ६८ वरून ७४ टक्क्यांवर जाताना लोखंड आठ टक्क्यांनी आकसायला हवं होतं. तसं होत नाही, कारण अणू म्हणजे ठरावीक मापाच्या टणक गोट्या नव्हेत. आधीच्या रचनेत प्रत्येक अणूला आठ जवळचे शेजारी असतात, नव्या रचनेत बारा. शेजारी वाढले की ते किंचित दूर सरतात: त्या तापमानाला केंद्रांमधलं अंतर सुमारे २५२ पिकोमीटरवरून २५८ होतं. दाट रचनेने वाचवलेली बहुतेक जागा हे वाढीव अंतरच खाऊन टाकतं. म्हणून ६८ आणि ७४ हे आकडे अणू कसे रचले आहेत ते सांगतात. धातू किती आकसेल, हे मात्र अंतरं मोजूनच ठरवावं लागतं.